अर्जातलं क्रियापद आणि इंजिनाचं झाकण

या अर्जाचा अर्जदार एरोनॉटिकल इंजिनिअरिंगचा नवा पदवीधर आहे आणि त्याला विमानांची देखभाल करणाऱ्या कंपनीत नोकरी हवी आहे. नमुना आपण रचलेला आहे, पण असे अर्ज हँगरच्या ऑफिसात नेहमी येतात. त्याने लिहिलंय : 'इंटर्नशिपमध्ये मी बोइंग 737च्या सीएफएम 56 इंजिनांची बोअरस्कोप तपासणी केली.'

वाक्य रुबाबदार आहे. अडचण 'केली'मध्ये आहे.

भारतात विमानाच्या कामावर 'झालं, ठीक आहे' अशी सही करायची तर डीजीसीएचं परवानापत्र लागतं आणि कंपनीने दिलेला अधिकारही लागतो. इंजिनिअरिंगच्या पदवीने हे परवानापत्र आपोआप मिळत नाही, त्याच्या परीक्षा आणि अनुभवाच्या अटी वेगळ्या आहेत. म्हणजे इंटर्नने 'तपासणी केली' असं लिहिलं, तर वाचणारा मेन्टेनन्स मॅनेजर दोनच निष्कर्ष काढतो. एकतर या मुलाला नियम ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून तो फुगवून सांगतोय.

मग त्याने प्रत्यक्षात काय केलं? बोअरस्कोप म्हणजे टोकाला कॅमेरा आणि दिवा असलेली बारीक नळी. इंजिन थंड झाल्यावर काऊल उघडतात, ठरलेल्या छिद्राचा प्लग काढतात आणि नळी आत सरकवतात. टर्बाइनची पाती एकेक करून कॅमेऱ्यासमोर यावीत म्हणून आतला रोटर हाताने फिरवावा लागतो. त्यासाठी गिअरबॉक्सवरचं एक छोटं झाकण काढून तिथे रॅचेट लावतात. इंटर्नला बहुधा हेच काम मिळतं : सांगितलं की फिरव, थांब म्हटलं की थांब, आणि कितवं पातं समोर आहे ते मोज. पात्याच्या कडेला चीर किंवा जळका डाग दिसला, तर परवानाधारक इंजिनिअर त्याचं माप घेऊन मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडतो. त्यावरून इंजिन चालू ठेवायचं, ठरावीक उड्डाणांनी पुन्हा बघायचं की उतरवायचं, हे ठरतं.

चीर शोधणं हा या कामाचा चित्तवेधक भाग, म्हणून अर्जात सगळे तेच लिहितात. घोटाळा मात्र तपासणी संपल्यावर, काढलेली झाकणं परत लावतानाही होऊ शकतो.

23 फेब्रुवारी 1995 रोजी इंग्लंडमध्ये ईस्ट मिडलंड्सहून लान्झारोटेला निघालेल्या बोइंग 737-400च्या दोन्ही इंजिनांचं तेल उड्डाणानंतर थोड्याच वेळात कमी होऊ लागलं. वैमानिकांनी विमान लुटनला वळवलं आणि ते सुखरूप उतरलं. आदल्या रात्री दोन्ही इंजिनांची बोअरस्कोप तपासणी झाली होती. रोटर फिरवण्यासाठी काढलेली झाकणं दोन्हीकडे परत बसवलीच नव्हती, आणि त्या उघड्या जागेतून तेल बाहेर गेलं. काम एकाने सुरू करून तोंडी सूचनांवर दुसऱ्याकडे सोपवलं होतं. शेवटी इंजिन जमिनीवर चालवून गळती बघायची असते, तेही झालं नव्हतं. कागदावर काम पूर्ण होतं.

ज्या झाकणामुळे हे घडलं, तशाच झाकणाशी आपल्या इंटर्नचा प्रत्येक तपासणीत संबंध आला. त्यामुळे अर्जाचा मधला परिच्छेद असा हवा (पाठवताना तो इंग्रजीत जाईल) :

'सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपमध्ये परवानाधारक इंजिनिअरच्या देखरेखीखाली सीएफएम 56-7बी इंजिनांच्या चार बोअरस्कोप तपासण्यांत मदत केली. रोटर हाताने फिरवणे, पात्यांचा क्रम नोंदवणे आणि काढलेल्या प्रत्येक प्लगची व झाकणाची कार्डावर नोंद ठेवणे ही माझी कामे होती. झाकण नव्या सीलसह बसवताना आणि नंतरच्या गळती-चाचणीत मी हजर होतो. तपासणीचा निर्णय व सही संबंधित इंजिनिअरची होती.'

शेवटचं वाक्य कमीपणाचं वाटून पोरं गाळतात. खरं तर मुलाखत घेणाऱ्याची नजर तिथेच थांबते, आणि पुढचा प्रश्न 'झाकणाचं सील बदललंत का, कसं?' असा येतो. हात लावलेल्या मुलाला त्याचं उत्तर देता येतं.

कोणत्या जागेसाठी अर्ज आहे, हेही पहिल्याच ओळीत स्पष्ट हवं. परवानापत्र नसलेल्या पदवीधराला टेक्निकल सर्व्हिसेस, देखभालीचं नियोजन किंवा क्वालिटी या विभागांत जागा असते. 'कोणतंही काम चालेल' असं लिहिलं की अर्ज कोणाच्याच टेबलावर जात नाही. सोबत लॉगबुकची पानं जोडावीत, पर्यवेक्षकाच्या सहीची. इंजिनाच्या आतले फोटो मात्र जोडू नयेत. ते विमान कंपनीची माहिती असतात, आणि परवानगीशिवाय ते बाहेर देणाऱ्या उमेदवाराला पुढची मुलाखत मिळणं अवघडच.