सरकारने फुकट दिलेला शब्द

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईत, भाजी-फळे घ्यायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की या मंडईखालच्या जमिनीवरून एक खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. भांडण होते मुंबईचे कलेक्टर आणि मुंबई महानगरपालिका यांच्यात. दोन्ही सार्वजनिक संस्था, आणि वाद एका जुन्या शब्दाचा.

1865 साली मुंबई सरकारने शहराच्या नगरसंस्थेला सांगितले की जुन्या मंडया आहेत तिथून हलवा आणि जागा मोकळी करा. बदल्यात दुसरीकडे जागा देण्याचा ठराव सरकारने केला. त्या ठरावात असेही नमूद केले की मंडई ही सगळ्या रयतेच्या उपयोगाची आहे, म्हणून या जागेचे भाडे घेऊ नये असे सरकारला वाटते. नगरसंस्थेने जुन्या जागा सोडल्या, नव्या जागेवर मंडई उभी केली, आणि बांधकामावर व देखभालीवर मिळून सतरा लाख रुपये घातले. पंचाहत्तर वर्षे कोणी एक पैसा भाडे मागितले नाही. 1940 साली मात्र कलेक्टरांनी या जमिनीवर सारा आकारला. सुरुवातीला वर्षाला 7,500 रुपये आणि पन्नास वर्षांत चढत चढत 30,000 रुपये.

महापालिकेकडे दाखवायला काय होते? तो जुना ठराव. पण सरकारी जमीन देण्यासाठी कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीने दस्तऐवज झालेलाच नव्हता. कायद्याच्या काटेकोर नजरेने पाहिले तर जमीन दिलीच गेली नव्हती, मग भाडेमाफी कुठून येणार?

1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने महापालिकेच्या बाजूने निकाल दिला. पण न्यायमूर्ती तिथे ज्या वेगवेगळ्या वाटांनी पोचले, त्या मला निकालाहून महत्त्वाच्या वाटतात. न्या. एस. आर. दास यांनी प्रतिकूल ताब्याचा आधार घेतला: इतकी वर्षे भाडे न देता, हक्काने जागा वापरल्यामुळे महापालिकेला भाडेमाफ जमिनीचा हक्क मिळाला. न्या. चंद्रशेखर अय्यर यांनी सरळ नीतीचा प्रश्न विचारला. सरकारच्या शब्दावर विसंबून एवढा पैसा खर्च झाला असताना सरकारला शब्द फिरवू देणे म्हणजे न्यायालयाने फसवणुकीला हातभार लावणे नव्हे का? न्या. पतंजली शास्त्री यांचे मत मात्र विरोधी होते. दस्तऐवज कायदेशीर नाही, तर हक्कही नाही, असा त्यांचा सूर होता.

पहिल्या वाटेने जायचे तर नागरिकाला कित्येक दशके थांबावे लागते. तिसरी वाट त्याला हात हलवत परत पाठवते. भारतात पुढे रुजली ती मधली वाट, आणि तिलाच वकील मंडळी ‘प्रॉमिसरी एस्टॉपेल’ म्हणतात. कोणी स्पष्ट वचन दिले, समोरच्याने त्यावर विसंबून पाऊल उचलले, आणि आता ते मागे घेतल्यास अन्याय होणार असेल, तर वचन देणाऱ्याला ते नाकारू द्यायचे नाही, एवढाच तिचा अर्थ.

हे तत्त्व मुळात लागले का, हे समजायला करार कायद्याकडे पाहावे लागते. 1872 च्या करार अधिनियमाच्या कलम 25 नुसार, काही अपवाद सोडले तर, मोबदल्याशिवाय केलेला करार रद्दबातल असतो. शेजाऱ्याने ‘पुढच्या महिन्यात तुला दहा हजार देतो’ असे आपणहून म्हटले आणि दिले नाहीत, तर कोर्टात काही चालत नाही. सरकारी सवलती याच जातीच्या असतात. करमाफी, जकातमाफी, वीजशुल्कात सूट अशा गोष्टींबद्दल सरकारला थेट मोबदला मिळत नाही. शिवाय सरकारशी करार व्हायचा तर राज्यघटनेच्या कलम 299 प्रमाणे तो राज्यपालांच्या किंवा राष्ट्रपतींच्या नावाने, अधिकृत व्यक्तीच्या सहीने व्हावा लागतो. जाहीर केलेली सवलत या दोन्ही कसोट्यांवर नापास होते. तरीही ती सरकारला बांधते का?

या प्रश्नाचे सर्वांत सविस्तर उत्तर कानपूरच्या एका वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या खटल्यात मिळाले. ऑक्टोबर 1968 मध्ये वृत्तपत्रात बातमी आली की उत्तर प्रदेशातल्या नव्या उद्योगांना उत्पादन सुरू झाल्यापासून तीन वर्षे विक्रीकर माफ होणार. मोतीलाल पदमपत शुगर मिल्स या कंपनीने बातमीवर विसंबून न राहता लगेच उद्योग संचालकांना पत्र लिहिले, आणि संचालकांनी बातमी खरी असल्याचे कळवले. कंपनी तिथेही थांबली नाही. राज्यात तेव्हा राष्ट्रपती राजवट होती आणि मुख्य सचिव हे राज्यपालांचे सल्लागारही होते. त्यांना भेटून कंपनीने जानेवारी 1969 मध्ये लेखी आश्वासन मिळवले. त्यानंतरच वित्तसंस्थांकडून कर्ज काढून कारखाना उभा करायला घेतला.

वर्षभराने सरकारचा विचार बदलला. जानेवारी 1970 मध्ये कळवण्यात आले की पूर्ण माफी नाही, करात पहिल्या वर्षी साडेतीन टक्के, दुसऱ्या वर्षी तीन आणि तिसऱ्या वर्षी अडीच टक्के एवढीच सवलत मिळेल. जुलै 1970 मध्ये कारखाना सुरू झाला, आणि ऑगस्टमध्ये ही अर्धी सवलतही काढून घेतल्याचे जाहीर झाले.

डिसेंबर 1978 मध्ये न्या. पी. एन. भगवती आणि आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले न्या. व्ही. डी. तुळजापूरकर यांच्या पीठाने कंपनीला न्याय दिला. मोबदला नाही, कलम 299 प्रमाणे करार नाही, हे दोन्ही मुद्दे आड येत नाहीत असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. इंग्लंडमध्ये हे तत्त्व बहुधा बचावापुरते, ढाल म्हणून वापरले जाई. इथे न्यायालयाने ते दावा लावण्याचा आधार म्हणूनही मान्य केले. कंपनीने नुकसान झाल्याचे सिद्ध करण्याचीही गरज नव्हती. वचनावर विसंबून तिने आपली स्थिती बदलली, एवढे पुरे होते.

एक मुद्दा प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. कंपनीने मध्यंतरी अर्धी सवलत स्वीकारण्याची तयारी दाखवली होती. उच्च न्यायालयाने त्याचा अर्थ पूर्ण सवलतीचा हक्क सोडला असा लावला. सर्वोच्च न्यायालयाने तो खोडून काढला. हक्क आहे हे माहीत असताना जाणूनबुजून सोडला, असे सिद्ध झाले तरच तो सुटतो, आणि प्रत्येकाला सगळा कायदा ठाऊक असतो असे गृहीत धरता येत नाही.

सरकारच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे असते, आणि न्यायालयाने त्याला जागा ठेवली. परिस्थिती बदलल्यामुळे वचन पाळणे लोकहिताला मारक ठरेल असे सरकारला वाटत असेल, तर तसे नुसते म्हणून भागत नाही. काय बदलले, कोणती अडचण आली, हे सारे कागदोपत्री न्यायालयापुढे मांडावे लागते, आणि वचनाचे ओझे सरकारवरून उतरवायचे की नाही हे न्यायालय ठरवते. आपल्या बांधिलकीचा निवाडा सरकारने स्वतःच करायचा नाही. माझ्या मते या तत्त्वाचा सगळा जीव याच एका अटीत आहे. ती सैल केली तर ‘लोकहित’ या चार अक्षरी बहाण्यापुढे कोणताही शब्द टिकणार नाही.

याच्या आधी 1970 मध्ये आपल्या उल्हासनगरच्या प्रकरणात न्या. जे. सी. शहा यांनी हीच दिशा दाखवली होती. शहाडचा औद्योगिक भाग नगरपालिकेच्या हद्दीत यावा म्हणून नगरपालिकेने तिथल्या कारखान्यांना सात वर्षे जकात न लावण्याचे कबूल केले होते. पुढे जकात लावायचे ठरले. उच्च न्यायालयाने कारखान्याची याचिका दारातच फेटाळली; सर्वोच्च न्यायालयाने ती ऐकायला लावली. लोकशाही टिकवायची तर लोकांसाठी एक नीती आणि सार्वजनिक संस्थांसाठी दुसरी नीती चालणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

पण एक भिंत मात्र कोणालाही ओलांडता आलेली नाही. कायद्याविरुद्ध वचन बांधत नाही. कानपूरच्या कंपनीला यश आले, कारण विक्रीकर कायद्याच्या कलम 4-अ मध्ये करमाफी देण्याचा अधिकार सरकारला होताच. अधिकारच नसता तर मुख्य सचिवांच्या सहीलाही किंमत राहिली नसती. विधिमंडळालाही वचनाने बांधता येत नाही. उत्तराखंड आणि हिमाचलमधल्या उद्योगांना 2003 मध्ये दहा वर्षे उत्पादन शुल्कात पूर्ण माफी मिळाली होती. 2017 मध्ये जीएसटी आला, जुनी व्यवस्थाच गेली, आणि नव्या योजनेत केंद्राच्या वाट्याच्या करापैकी 58 टक्केच परतफेड मिळू लागली. हीरो मोटोकॉर्प कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, पण 2022 मध्ये हरली.

आता सर्वांत अवघड प्रकार, ज्यात वचन पूर्णपणे फुकट असते. 29 मार्च 2020 ला, टाळेबंदीत, दिल्लीचे तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी पत्रकार परिषदेत सांगितले की गरिबीमुळे ज्यांना घरभाडे भरता येणार नाही, त्यांचे भाडे सरकार भरेल. काही भाडेकरू उच्च न्यायालयात गेले. जुलै 2021 मध्ये एकल पीठाने हे वचन अंमलात आणण्याजोगे मानले आणि सहा आठवड्यांत निर्णय घ्या, असा आदेश सरकारला दिला. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने त्याला स्थगिती दिली.

क्रॉफर्ड मार्केटशी तुलना केली तर फरक दिसतो. तिथे ठराव होता, जागा ठरलेली होती, खर्च मोजता येत होता. दिल्लीत ना आदेश निघाला, ना रक्कम ठरली, ना ‘गरीब’ कोणाला म्हणायचे हे ठरले. तरीही मला एकल पीठाची बाजू जवळची वाटते. पायी गावी निघालेल्या माणसाला ‘थांबा, भाडे आम्ही भरू’ असे राज्याच्या प्रमुखाने सांगितले आणि तो थांबला, तर त्याने आपली स्थिती बदललीच. भाडे द्या असा थेट हुकूम न्यायालयाने देऊ नये, हे मान्य. पण वचन का पाळले नाही, याचे कारण लेखी सांगायला लावणे हे न्यायालयाचे कामच आहे.

वाचकहो, सरकारी किंवा नगरपालिकेच्या सवलतीच्या भरवशावर पैसा घालणार असाल, तर बातमीवर थांबू नका. कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली सवलत मिळणार, हे विचारणारे पत्र संबंधित खात्याला लिहा आणि उत्तर लेखी घ्या. खर्चाच्या पावत्या त्या उत्तराच्या तारखेनंतरच्या असू द्या. सवलत कापली गेल्यास गप्प बसू नका, ‘हरकत राखून स्वीकारतो’ असे लिहून कळवा, आणि न्यायालयात जायला उशीर करू नका.