सातबारा वर्डमध्ये आणताना रेघा सांभाळा

जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात ‘१’ आणि शेजारी ‘५’ असं लिहिलेलं असतं. दोन आकड्यांमधली उभी रेघ दिसते तोवर अर्थ स्पष्ट असतो: १ हेक्टर ५ आर. मजकूर संगणकावर उतरवताना ती रेघ गळली की कोणीतरी मध्ये टिंब देतं आणि ‘१.५’ तयार होतं. पुढचा वाचणारा ते दीड हेक्टर धरून चालतो. एका हेक्टरात १०० आर, म्हणजे कागदावर १०५ आर होते आणि वाचले गेले १५०. ४५ आरांचा हा फरक एक एकराहून जास्त भरतो. एकही अक्षर चुकलेलं नसताना एवढी जमीन वाढते.

हस्तलिखित नमुन्याचा उतारा, म्हणजे हाताने टाइप केलेला किंवा हस्ताक्षर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने काढलेला मजकूर, वर्ड फायलीत नेताना रेघा, समास आणि आकड्यांची रांग सांभाळायची ती यासाठी. आपल्याकडे असं जपून उतरवण्याजोगं सगळ्यांत ओळखीचं कागदपत्र सातबाराच. वरचा भाग गाव नमुना सात, अधिकार अभिलेखाचा. खालचा गाव नमुना बारा, पिकांचा. दोन्हींचे रकाने वेगळे, म्हणून वर्डमध्येही ती दोन स्वतंत्र टेबलं हवीत. एकाच टेबलात दोन्ही कोंबली की रकाने जुळवायला जागोजागी सेल एकत्र करावे लागतात आणि पुढे एक रकाना हलवला तरी सगळं विसकटतं. दोन टेबलांच्या मध्ये एक रिकामा परिच्छेद मात्र ठेवावा, नाहीतर वर्ड ती आपण होऊन जोडून टाकतं.

मजकूर काढणारं साधन पानावरची प्रत्येक ओळ कुठे आहे ते पिक्सेलमध्ये टिपून ठेवतं. टेबल ओळखणारं साधन असेल तर प्रत्येक सेल कितव्या ओळीत आणि कितव्या रकान्यात आहे, किती रकान्यांवर पसरला आहे, हेही नोंदवतं. PAGE XML नावाच्या फाइल प्रकारात या माहितीसाठी `TableRegion` आणि `TableCell` अशा खुणा असतात. साधी टेक्स्ट फाइल घेतलीत तर यातलं काहीच सोबत येत नाही. उरतात फक्त शब्द आणि ते लांब ठेवायला भरलेल्या मोकळ्या जागा. म्हणून निर्यात करताना टेक्स्ट फाइल मधे आणूच नये.

रकान्यांची रुंदी काढणं सोपं आहे. वर्ड आतल्या आत इंचाचे १४४० भाग करून मोजतं. कागद ३०० डीपीआयने स्कॅन केला असेल तर एका पिक्सेलचे ४.८ भाग होतात. खातेदाराच्या नावाचा रकाना स्कॅनवर ४५० पिक्सेल रुंद असेल तर वर्डमध्ये तो २१६०, म्हणजे दीड इंच. मात्र नुसती रुंदी देऊन भागत नाही. वर्ड मजकूर बघून रकाने आखडतं नि पसरवतं, आणि लांब आडनावाची एक ओळ आली की शेजारचा आरचा रकाना चिंचोळा होतो. त्यासाठी `AutoFit` मध्ये `Fixed Column Width` निवडावं.

आता आतला मजकूर. समजा मूळ खातेदाराचं नाव कंसात आहे, म्हणजे त्याचा हक्क संपला. खाली थोडं आत सरकवून तीन वारसांची नावं आहेत आणि तिन्हींना मिळून एक महिरप काढून शेजारी ‘सामाईक’ लिहिलं आहे. इथे चार गोष्टी सांभाळायच्या: कंस, आत सरकलेली नावं, महिरप आणि फेरफार क्रमांकाभोवतीचं वर्तुळ.

कंस हा मजकुराचाच भाग आहे, तो टाइप करावा. हस्ताक्षर वाचणारं साधन त्याला पुष्कळदा नुसता फराटा समजून सोडून देतं, म्हणून मूळ कागदाशी ताडून बघताना पहिली नजर कंसांवर टाकावी. कंस गेला तर हक्क संपलेला माणूस पुन्हा खातेदार होतो. नावं आत सरकवायला स्पेसबार दाबू नये. परिच्छेदाचा डावा इंडेंट द्यावा. मोकळ्या जागांची रुंदी फॉन्टवर अवलंबून असते. मंगलमध्ये नीट दिसणारी रांग दुसऱ्या संगणकावर वेगळा फॉन्ट लागला की वाकडी होते. महिरप वर्डमध्ये चित्र म्हणून काढण्याचा मोह आवरावा, कारण चित्र तरंगतं आणि वर एक ओळ वाढली की भलत्याच नावांवर जाऊन बसतं. महिरपीचा अर्थ एवढाच, की उजवीकडची नोंद डावीकडच्या तिघांचीही आहे. तो अर्थ तीन ओळींवर पसरलेल्या एका उभ्या सेलने नेमका सांगता येतो. फायलीच्या पोटात तो सेल असा दिसतो:

```xml
<w:tc>
  <w:tcPr>
    <w:tcW w:w="2160" w:type="dxa"/>
    <w:vMerge w:val="restart"/>
  </w:tcPr>
  <w:p><w:r><w:t>सामाईक</w:t></w:r></w:p>
</w:tc>
```

खालच्या दोन ओळींत त्याच जागी रिकामा सेल आणि त्यात नुसतं `<w:vMerge/>` असतं. हे हाताने लिहिण्याची गरज नाही. तीन सेल निवडून `Merge Cells` केलं की वर्ड हेच करतं. फेरफार क्रमांकाभोवतीच्या वर्तुळाचं मी तरी चित्र काढत नाही. क्रमांक चौकोनी कंसात लिहावा आणि मूळ कागदावर तो वर्तुळात आहे, हे टेबलाखाली एकदा नोंदवावं.

आकड्यांसाठी हेक्टर आणि आर, रुपये आणि पैसे यांचे रकाने मूळ कागदाप्रमाणे वेगळेच ठेवावेत आणि चारही उजवीकडे जुळवावेत, म्हणजे एककाखाली एकक येतं. मूळ कागदावर ‘५’ असेल तर ‘०५’ करू नये. रेघ जागेवर असली की त्याची गरज पडत नाही.

मराठीसाठी एक खास काळजी घ्यावी लागते. ओळीची उंची `Exactly` ठेवली तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. तिथे `At least` हवं. प्रोग्रामने फाइल तयार करवून घेत असाल तर अक्षराचा आकार `w:sz` सोबत `w:szCs` मध्येही द्यावा, कारण देवनागरीसाठी वर्ड दुसराच आकडा वाचतं. तो दिला नाही तर इंग्रजी अक्षरं मोठी होतात आणि मराठी आहे तिथेच राहतं.

फाइल हाती आली की ¶ चं बटण दाबून बघावं. नावांच्या आधी ठिपक्यांची रांग दिसली तर तिथे मोकळ्या जागा भरल्या आहेत. बाण दिसले तर टॅब आहेत. रेघा दिसत नसतील तर घाबरायचं कारण नाही. `View Gridlines` सुरू केल्यावर तुटक रेघा उमटल्या तर टेबल शाबूत आहे, फक्त त्याला बॉर्डर दिलेली नाही, आणि `All Borders` ने ती एका क्लिकमध्ये येते. तुटक रेघाही उमटल्या नाहीत तर टेबल आलेलंच नाही; वरून रेघा ओढत बसण्यापेक्षा निर्यात पुन्हा करावी. शेवटी सगळा मजकूर निवडून अक्षर ११ वरून १४ करावं. ओळी उंच होतील, नावं दोन ओळींत मोडतील, पण ‘५’ आरच्याच रकान्यात राहिला आणि ‘सामाईक’ तिघांच्याच समोर राहिलं तर फाइल दुसऱ्याच्या हाती द्यायला हरकत नाही. सोबत मूळ कागदाचं स्कॅन द्यावं, कारण कायद्याच्या कामाला अधिकृत नक्कलच लागते. समासात तिरकी लिहिलेली, दोन ओळींच्या मध्ये घुसवलेली नोंद कुठल्या नावाची हे ठरत नसेल तर ती कोणत्याच सेलमध्ये बसवू नये. टेबलाखाली ‘समासातील नोंद, ओळ अनिश्चित’ असं लिहून उतरवावी.