पाणी जिथे, प्लाय तिथे

किचन आणि कपाटं करायला घेतली की सुतार म्हणतो, "सगळं प्लायमध्येच करा." दुकानदार मात्र पार्टिकल बोर्डाचा स्वस्त दर पुढे करतो. पैसे मोजकेच असतील तर दोघांचंही पूर्ण ऐकू नये. कुठल्या फळीला पाणी लागणार आणि कुठली वजन पेलणार, हे पाहून जागेनुसार माल ठरवावा.

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाच्या चिपा आणि भुसा रेझिनमध्ये दाबून केलेली फळी. तिच्यात पाणी शिरलं की ती फुगते आणि वाळल्यावरही पहिल्यासारखी होत नाही. एमडीएफ बारीक तंतूंचं, म्हणून गुळगुळीत. नक्षी कोरून रंगवायच्या शटरला तेच उत्तम, पण साधं एमडीएफही पाण्यापुढे टिकत नाही. प्लायमध्ये लाकडाचे पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे स्क्रू घट्ट बसतो आणि फळी कमी वाकते.

खरी परीक्षा सिंकखाली होते. तिथला खोका 3 फूट रुंद, 32 इंच उंच आणि 22 इंच खोल धरा. दोन बाजू आणि तळ मिळून साधारण 15 चौरस फूट माल लागतो, म्हणजे 8 बाय 4 च्या अर्ध्या शीटपेक्षाही कमी. स्वस्त बोर्ड आणि 710 ग्रेडचा मरीन प्लाय यांच्या दरात चौरस फुटाला 60 रुपयांचा फरक धरला, तरी वाढीव खर्च 900 रुपये. इथे कंजुषी करूच नये. ओटा कडप्प्याच्या उभ्या फरशांवर असेल तर खोक्याचीही गरज नाही. ट्रॉल्या आणि शटर बसवले की काम झालं.

बेडरूमच्या कपाटाला प्रीलॅमिनेटेड पार्टिकल बोर्ड चालतो, मात्र भिंत कोरडी हवी. पलीकडे बाथरूम असेल तर पाठीमागची फळी प्लायचीच घ्या. 18 मिमीच्या बोर्डाचा कप्पा दोन-अडीच फुटांपेक्षा लांब ठेवला तर साड्यांच्या आणि पांघरुणांच्या भाराने मध्ये झोल पडतो. मध्ये उभी फळी द्यावी. एकदा उसकटलेलं स्क्रूचं भोक पुन्हा पकड धरत नाही, त्यामुळे वारंवार घर बदलणाऱ्यांनी हा बोर्ड टाळलेला बरा.

प्लायवर 710 चा शिक्का आहे म्हणून निश्चिंत राहू नका, कारण खोटे शिक्केही मारले जातात. शिक्क्याखालचा CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक BIS Care ॲपवर तपासता येतो. माल उतरवून घेतानाच तो पाहा, कापल्यावर परत करता येत नाही.

आणि शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक शटरच्या खालच्या कडेवरून हात फिरवा. दिसत नाही म्हणून तिथली पट्टी लावायची बरेचदा राहून जाते, आणि फरशी पुसताना पाणी नेमकं तिथूनच आत शिरतं.