कंत्राट संपवणारं पत्र

ठाण्यातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीचं उदाहरण घेऊ. साफसफाईचं कंत्राट एका एजन्सीकडे आहे. आठ कामगार, महिन्याचे 26 दिवस, दर माणशी रोजचे 750 रुपये. म्हणजे महिन्याला 1,56,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. जुलैपासून माणसं कमी येऊ लागली, जिने दोन-दोन दिवस झाडले गेले नाहीत, आणि बिलासोबत जोडायचं पीएफचं चलनही येईनासं झालं. सप्टेंबरअखेर कमिटीने ठराव केला की आता ही एजन्सी नको. सेक्रेटरी पत्र लिहायला बसतात ते रागातच, आणि पत्र तिथेच बिघडतं.

आधी कंत्राट उघडून पाहावं. एजन्सीला काढण्याचे बहुधा दोन रस्ते त्यात असतात. एका कलमानुसार कुठलंही कारण न देता 30 दिवसांची लेखी नोटीस देता येते. दुसऱ्या कलमानुसार अटींचा भंग झाला तर कंत्राट लवकर मोडता येतं, पण त्याआधी लेखी कळवून चूक सुधारायला, समजा, 15 दिवस द्यावे लागतात. आपल्या सोसायटीने तक्रारी केल्या त्या सगळ्या फोनवर. मग दुसरा रस्ता धरला तर एजन्सी विचारणार, ‘आम्हाला सुधारायची संधी कधी दिलीत?’ अशा वेळी पहिल्या कलमाखालीच नोटीस द्यावी आणि अटींचा भंग त्याच पत्रात नोंदवून ठेवावा. कुठल्या कलमाखाली कंत्राट संपवतो आहोत, हे पहिल्या परिच्छेदातच क्रमांकासह यायला हवं.

भंग लिहिताना ‘काम अत्यंत असमाधानकारक’ हे वाक्य निरुपयोगी असतं. त्याऐवजी असं लिहावं: ‘ऑगस्ट महिन्यात हजेरीपत्रकाप्रमाणे एकूण 20 खाडे झाले. जुलै व ऑगस्टची पीएफ चलनं आजतागायत मिळालेली नाहीत.’ हजेरीपत्रकाची प्रत सोबत जोडावी. जुलैचं बिल सोसायटीने कुरकूर न करता पूर्ण चुकतं केलं असेल, तर त्या महिन्याच्या खाड्यांवर आता जोर देऊ नये. तेव्हा तुम्ही ते मान्य केलंत, असं एजन्सी म्हणेल, आणि त्या म्हणण्यात तथ्य असेल.

मुदतीचा हिशेब बहुतेक वेळा चुकतो. पत्रावर 1 ऑक्टोबर तारीख आहे म्हणून 31 ऑक्टोबरला काम बंद, असं होत नाही. नोटीस मिळाल्यापासून 30 दिवस अशी अट असेल आणि स्पीड पोस्टने पत्र 3 तारखेला पोचलं, तर मोजणी 4 तारखेपासून सुरू होते आणि शेवटचा दिवस 2 नोव्हेंबर येतो. कंत्राटात दिलेल्या पत्त्यावरच पत्र पाठवावं आणि पोहोच जपून ठेवावी. नुसता व्हॉट्सअॅप मेसेज पुरा पडेलच असं नाही.

आता पैशांचं. ऑगस्टचं बिल जीएसटीसह 1,84,080 रुपयांचं आहे. 20 खाड्यांचे 15,000 रुपये वजा केले की मूळ रक्कम 1,41,000 उरते, त्यावर जीएसटी 25,380, एकूण 1,66,380. एजन्सी भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल तर मूळ रकमेवर 2 टक्के टीडीएस, म्हणजे 2,820 रुपये कापून 1,63,560 देणं निघतं. कमी केलेल्या रकमेची क्रेडिट नोट एजन्सीकडून मागावी. हा सगळा हिशेब पत्रातच मांडावा. कंत्राटात खाड्यांखेरीज 50,000 रुपये दंड लिहिलेला असला तरी तो आपोआप पदरात पडत नाही. 1872च्या करार कायद्याचं कलम 74 वाजवी भरपाई देतं, दंडाचा आकडा ही तिची फक्त कमाल मर्यादा.

पुष्कळ कमिट्या इथे सगळंच बिल अडवून ठेवतात. मला हे अजिबात पटत नाही. एजन्सीकडे पैसे गेले नाहीत की ज्याने सहा महिने आपला जिना पुसला त्याचाच पगार थकतो. शिवाय एजन्सी उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर करारात जास्त मुदत लिहिली तरी 45 दिवसांपलीकडच्या थकबाकीवर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागू शकते. म्हणून वाद नसलेली रक्कम वेळेवर द्यावी. ज्या महिन्यांची चलनं आलेली नाहीत, त्यांच्यापुरता बिलात दाखवलेला पीएफचा भागच राखून ठेवावा, कारण कंत्राटदाराने न भरलेला पीएफ काम करवून घेणाऱ्याकडून वसूल होऊ शकतो. आणि रोखलेल्या पैशांची सुटका कशी होईल तेही लिहावं: ‘जुलै व ऑगस्टची चलनं, कामगारांच्या नावांच्या यादीसह, मिळाल्यापासून सात दिवसांत ही रक्कम अदा केली जाईल. सप्टेंबर ते 2 नोव्हेंबरपर्यंतच्या बिलांचा हिशेब याच पद्धतीने होईल.’