पत्र दिलं म्हणून घर जात नाही

जून जवळ आला की मुरबाडच्या एमआयडीसीच्या आसपास आणि आसनगाव, वासिंद, आटगावच्या खोल्यांमधून एकच विनवणी ऐकू येते. ‘काका, मुलीचं नाव शाळेत घालायचंय, आम्ही तुमच्या खोलीत राहतो असं दोन ओळी लिहून द्या.’ काका भला माणूस असतो. भाडं थकलं तर महिनाभर थांबतो, दिवाळीला फराळही पाठवतो. पण कागदावर सही म्हटलं की तो मागे सरतो. ‘तोंडी सांगतो की शाळेत येऊन, लिहून नको.’

ही भीती आली कुठून, ते ठाणे जिल्ह्याच्या मातीत शोधावं लागतं. १९४८च्या कूळकायद्याने आणि पुढे १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनाने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानलं. शहापूर-मुरबाडच्या भातखाचरांमध्ये कित्येक घरांनी हा बदल डोळ्यांनी पाहिला. कुणाची जमीन गेली, कुणाला मिळाली. ‘कागदावर नाव लागलं की गेलं’ हे वाक्य तेव्हापासून घराघरांत आहे, आणि आज तेच वाक्य दहा बाय बाराच्या खोलीला लावलं जातं.

तो कायदा शेतजमिनीचा आहे. ज्याने दुसऱ्याची जमीन कसली, त्याचा. नोकरीसाठी आलेल्या माणसाला राहायला दिलेल्या खोलीला तो लागू होत नाही. (शेतावर राहणाऱ्या कुळाने किंवा शेतमजुराने स्वतःच्या खर्चाने बांधलेल्या घराचा प्रश्न वेगळा, त्याची गल्लत भाड्याच्या खोलीशी करू नये.)

दुसरी धास्ती बारा वर्षांची. बारा वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो, असं पारावर ठामपणे सांगितलं जातं. बारा वर्षांचा आकडा खरा आहे, तो १९६३च्या मुदत कायद्यात आहे. पण तो मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे, स्वतःच मालक असल्यासारखा ताबा ठेवणाऱ्यासाठी आहे. भाडेकरू मालकाच्या परवानगीने राहतो, म्हणून नुसती वर्षं मोजून त्याचा ताबा तसा होत नाही. उलट, ज्याने घर भाड्याने घेतलं त्याला भाडेकरू असेपर्यंत मालकाची मालकी नाकारता येत नाही, असं साक्षीपुराव्याचा कायदाच सांगतो.

म्हणजे ‘घर क्रमांक अमुक हे माझ्या मालकीचं असून त्यातील एका खोलीत हे कुटुंब भाड्याने राहतं’ हे वाक्य मालकाच्या बाजूचा पुरावा ठरतं. ते पत्र भाडेकरूने स्वतः शाळेत दिलं, की मालक कोण हे त्यानेही मान्य केलं. भाडेकरूचे जे काही हक्क असतात, ते राहण्यातून आणि भाडं देण्यातून आधीच तयार झालेले असतात. पत्र नाकारून ते कमी होत नाहीत आणि दिल्याने वाढत नाहीत.

आता भाडेकरूंच्या बाजूचा गैरसमज. मालकाने पत्र दिलं नाही तर मूल घरी बसणार, असं अनेक आईबाप धरून चालतात आणि जूनचे दोन आठवडे वाया घालवतात. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी तसं नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुसार योग्य वर्गात प्रवेश मिळायला हवा. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत घेण्याची जबाबदारी तर कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. वीटभट्टीवर आलेल्या कातकरी कुटुंबाकडे घरमालकच नसतो. त्यांची मुलं या तरतुदींमुळेच वर्गात बसू शकतात. मुख्याध्यापकांनी पत्र मागितलं तर ते पत्ता नीट नोंदवण्यासाठी असतं. प्रवेश त्यावर अडून राहता कामा नये. अडलाच, तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा.

खासगी शाळेतल्या २५ टक्के मोफत जागांचं गणित मात्र उलटं आहे, आणि फसगत होते ती इथे. तिथे घर आणि शाळा यांमधलं अंतर मोजलं जातं, त्यामुळे पत्त्याला फार वजन असतं. मालकाचं साधं पत्र तिथे चालत नाही, नोटरी केलेला करारही नाही. आधार, शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र असा त्याच पत्त्याचा पुरावा नसेल, तर दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला भाडेकरार लागतो. तो किमान अकरा महिन्यांचा आणि ऑनलाइन अर्ज भरण्याच्या आधीच्या तारखेचा असावा लागतो. सोडतीत नाव आल्यावर धावत जाऊन केलेला करार पडताळणीत बाद होतो.

समजा, मुरबाडजवळच्या गावात एका कुटुंबाची खोली तीन हजार रुपये भाड्याची आहे आणि अनामत दहा हजार. अकरा महिन्यांचं भाडं तेहतीस हजार. त्यात अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, म्हणजे सुमारे नऊशे रुपये, मिळवायचं आणि एकूण रकमेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क काढायचं. ते शंभराच्या आसपास येतं. ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी पाचशे रुपये. नोंदणी ऑनलाइन होते, दोघांचे आधार आणि अंगठे लागतात. करून देणाऱ्याची मजुरी वेगळी, ती आधी ठरवून घ्यावी. हा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी, आणि ती मुदत त्यात स्पष्ट लिहिलेली असते. घाबरणाऱ्या मालकाला हे आधी दाखवावं.

मालक करारालाही तयार नसेल तर आधारवरचा पत्ता बदलण्याचा मार्ग उरतो. त्यासाठी आधार प्राधिकरणाच्या ठरलेल्या नमुन्यात, फोटोसह, सरपंचांच्या सहीशिक्क्याचा दाखला चालतो. शहापूर किंवा मुरबाड नगरपंचायतीच्या हद्दीत नगरसेवकांचा. हा दाखला तीन महिनेच ग्राह्य असतो, म्हणून काढल्यावर लगेच केंद्रावर जावं.

साध्या पत्रासाठी स्टॅम्प पेपर लागत नाही. कोऱ्या कागदावर मालकाचं नाव, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधला घर क्रमांक, गाव-पाडा, तालुका, पिनकोड, आईवडिलांचं आणि मुलाचं नाव, राहायला आल्याची तारीख आणि ‘केवळ शाळाप्रवेशासाठी’ एवढं पुरे. भाड्याचा आकडा लिहायची गरज नाही. खाली सही, तारीख, मोबाइल. सोबत घरपट्टीच्या पावतीची झेरॉक्स. गावाचं नाव जपून लिहावं. आसनगावात राहणारे सवयीने ‘शहापूर’ लिहितात, पण घरपट्टी आसनगाव ग्रामपंचायतीची असते, आणि दोन कागदांवर दोन गावं दिसली की शंका येते.

मालकाने खरोखर सावध राहायचं ते खोट्या पत्रापासून. चांगली शाळा जवळ दाखवण्यासाठी कुणी न राहणाऱ्याचं पत्र किंवा करार मागितला, तर नकारच द्यावा. पडताळणीत कुटुंब तिथे सापडलं नाही तर मुलाचा प्रवेश रद्द होतो आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो.

बऱ्याच घरांत एक अडचण आणखी निघते: नमुना ८ वर अजून वारलेल्या आजोबांचं नाव असतं. अशा वेळी मुलाने किंवा नातवाने आजोबांच्या नावाने सही ठोकू नये. ‘घर माझ्या आजोबांच्या नावे असून ते हयात नाहीत, मी वारस म्हणून ताबा सांभाळतो’ असं खरं लिहून स्वतःची सही करावी. शाळेला तेवढं सहसा पुरतं. नोंदणीकृत करार करायचा असेल, तर मात्र आधी ग्रामपंचायतीत वारसांची नावं लावून घ्यावीत.