‘केवढी सुटलीस गं!’ यावर भांडण न करता काय म्हणायचं?

लग्नाचा हॉल. तुम्ही ताट घेऊन उभ्या आहात आणि जुन्या शेजारच्या काकू चारचौघांत म्हणतात, “अगं, केवढी सुटलीस! ओळखलंच नाही.”

आपण बहुतेक वेळा हसून सोडून देतो आणि रात्री तेच आठवत बसतो. किंवा “तुम्ही तरी कुठे बारीक आहात?” असं फेकतो. मग हॉलभर चर्चा फक्त आपल्या उलट उत्तराची होते, काकूंच्या बोलण्याची नाही. तिसरी चूक मात्र लक्षात येत नाही, ती म्हणजे सफाई देणं. “थायरॉइड आहे ना काकू” म्हटलं की डॉक्टर कोण, भात खातेस का, सकाळी जिऱ्याचं पाणी पी, अशी दहा मिनिटं जातात. कारण सांगितलं की समोरच्याला सल्ला द्यायला जागा मिळते.

त्याऐवजी हे म्हणून बघा: “हो काकू, वजन वाढलंय. पण असं सगळ्यांसमोर म्हटलं की मला वाईट वाटतं. तुम्ही कधी आलात कोल्हापूरहून?”

पहिल्या वाक्यात फक्त खरं तेवढं मान्य केलंय, त्यामुळे वाद घालायला काही उरत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मॅन्युएल स्मिथ यांनी 1975 च्या पुस्तकात या युक्तीला ‘फॉगिंग’ म्हटलंय. धुक्यात दगड मारला तर तो कशावर आपटतच नाही, तसं. दुसऱ्या वाक्यात ‘मला’ आहे, ‘तुम्ही’ नाही. “तुम्ही नेहमी असंच बोलता” म्हटलं असतं तर काकू स्वतःचा बचाव करायला लागल्या असत्या. तिसऱ्या वाक्याने त्यांना बाहेर पडायला वाट मिळते, आणि खरं तर तीच सगळ्यात जास्त कामी येते. कुणालाही चारचौघांत ओशाळून उभं राहायचं नसतं.

काकू म्हणतील, “मस्करी केली गं, लगेच लागलं?” इथे नवा मुद्दा काढू नका. “मस्करीच असेल, पण वजनावरून नको, काकू.” पुन्हा बोलल्या तर पुन्हा हेच वाक्य, त्याच आवाजात. आवाज चढला की शब्द कितीही नीट असले तरी ते भांडणच वाटतं.

रंगावरून कुणी बोललं तर मात्र ‘हो, काळवंडले’ म्हणायची गरज नाही. “माझा रंग हाच आहे” एवढं पुरे.

हीच कमेंट सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोखाली आली, तर उत्तर ग्रुपवर न देता काकूंना वेगळा मेसेज करा. ग्रुपवर माघार घेणं त्यांनाही अवघड जातं.

हे सगळं नकळत बोलणाऱ्यांसाठी आहे. दोन-तीनदा स्पष्ट सांगूनही कुणी दर भेटीत तेच काढत असेल, तर त्यांना कळलेलं असतं. तिथे नमस्कार करून ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर जायचं.