लॉकर खरा, पण वहीसुद्धा

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मोबाइल कार्यशाळेतलं भाषण)

मंडळी, गेल्या महिन्यात आपल्याच संघातल्या एक काकू चेहरा पाडून माझ्याकडे आल्या. फोन भरला, फोन भरला म्हणून रोज सूचना येत होती, तेव्हा एका दुपारी त्यांनी बसून नातवाच्या बारशाचे चारशेक फोटो उडवले. मुलानं सांगून ठेवलं होतं, "आई, सगळं क्लाउडवर आहे." मग क्लाउडवर बघायला गेल्या, तर तिथूनही गायब. मला म्हणाल्या, "अहो, घरातली डबी रिकामी केली म्हणून बँकेच्या लॉकरमधला हार नाहीसा होतो का?"

प्रश्न बिनतोड होता. चुकली होती ती उपमा, आणि ती आम्हीच दिलेली. क्लाउड म्हणजे लॉकर, असं शिकवणारे सांगून मोकळे होतात. ते निम्मंच खरं आहे, म्हणून आज दोन्ही निम्मे भाग सांगतो.

आधी लॉकरचा. क्लाउड म्हणजे ढग, पण आकाशात काही नसतं. कंपन्यांच्या मोठमोठ्या इमारती असतात, त्यात हजारो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू असतात. पुण्यात आणि मुंबईत मायक्रोसॉफ्टची अशी केंद्रं 2015पासून आहेत. आपला फोटो इंटरनेटवरून अशा कुठल्यातरी इमारतीत जाऊन पडतो. नेमका कुठल्या, ते आपल्याला कळत नाही. बँक निदान शाखेचा पत्ता तरी देते.

लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक आपली. इथंही दोन लावता येतात, आणि लावाव्यातच: एक पासवर्ड, दुसरी म्हणजे मोबाइलवर येणारा कोड. फोन रिक्षात राहिला तरी नव्या फोनवर या दोन किल्ल्यांनी लॉकर उघडतो आणि सगळे फोटो समोर येतात. मात्र आपल्या लॉकरमध्ये काय आहे हे बँकेला माहीत नसतं. इथं कंपनीची यंत्रं आत बघू शकतात. नातवाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं की त्याचे सगळे फोटो पुढे येतात, ते त्याशिवाय का?

आता वहीचा भाग. पूर्वी वाण्याकडे उधारीच्या दोन वह्या असत. एक त्याच्या गल्ल्यापाशी, एक आपल्या पिशवीत. त्यानं साखर लिहिली की आपणही साखर लिहायची. आता कल्पना करा की या दोन वह्या एका अदृश्य दोरीनं बांधल्यात. एकीत लिहिलं की दुसरीत आपोआप उमटतं, आणि एकीत खोडलं की दुसरीतही खोडलं जातं. अँड्रॉइड फोनमधलं गुगल फोटोज हे अॅप अशी वही आहे. काकूंनी त्या अॅपमध्ये फोटो निवडले आणि कचऱ्याच्या डब्याच्या चित्रावर बोट ठेवलं. फोनमधले गेले, पाठोपाठ क्लाउडमधलेही. त्यांना वाटत होतं, आपण डबी रिकामी करतोय. प्रत्यक्षात त्या वही खोडत होत्या.

मग फोन रिकामा करायचा कसा? त्याच अॅपमध्ये वर उजव्या कोपऱ्यात आपला गोल फोटो किंवा नावाचं आद्याक्षर दिसतं. त्यावर बोट ठेवा. जी यादी उघडेल तीत Free up space हे शब्द शोधा. हे बटण क्लाउडवर पोचलेले फोटो तेवढे फोनमधून काढतं आणि क्लाउडवरच्या प्रतीला हात लावत नाही. हा झाला लॉकरवाला व्यवहार. त्याच यादीत Backup complete असं लिहिलेलं दिसलं तरच पुढे जा. आणखी एक, व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो सहसा आपण होऊन क्लाउडवर जात नाहीत. त्यांचा फोल्डर त्याच अॅपच्या बॅकअपच्या सेटिंगमध्ये वेगळा चालू करावा लागतो.

काकूंचं पुढे काय झालं? क्लाउडवर पोचलेले फोटो खोडले तर ते 60 दिवस अॅपच्या कचरापेटीत पडून राहतात. काकू आल्या तो तेविसावा दिवस होता. पेटी उघडली, सगळे निवडले, Restore दाबलं, बारसं परत आलं. आणखी दीड महिना त्या संकोचून गप्प बसल्या असत्या तर मीच काय, कोणीच काही करू शकलं नसतं. तेव्हा गोंधळ झाला तर लाजू नका, लगेच सांगा.

लॉकरला जागेची मर्यादा असते, तशी इथंही आहे. गुगल फुकट देतं ती जागा 15 जीबी, आणि ती फोटो, ईमेल आणि ड्राइव्ह या तिघांत मिळून. एक फोटो सरासरी तीन एमबी धरला तर पाचेक हजार फोटो मावतील. एका मिनिटाचा व्हिडिओ मात्र सहज शंभर एमबी खातो. अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपचा बॅकअपसुद्धा 2024पासून यातच मोजला जाऊ लागला. म्हणजे रोज सकाळी येणारी गुलाबाची फुलं आणि सुविचार आपल्याच लॉकरचं भाडं खातात! जागा संपली की नवे फोटो वर जाणं थांबतं, आणि जीमेलवर पत्रं येणंही. आयफोनवाल्यांना फुकट 5 जीबी मिळतात. तिथं आयक्लाउड फोटोज चालू असेल, तर वहीचा नियम त्यांनाही लागू.

आता सगळ्यात जास्त दिसणारी भानगड. फोन घेताना दुकानातला मुलगा विचारतो, "ईमेल आहे का?" आपण म्हणतो, "तूच टाक बाबा." तो झटपट नवं खातं उघडतो, पासवर्ड त्याच्या डोक्यात. तीन वर्षांनी दुसरा फोन, दुसरा मुलगा, दुसरं खातं. मग आपण म्हणतो, जुने फोटो गेले. ते गेलेले नसतात, पहिल्या लॉकरमध्ये पडलेले असतात. फक्त लॉकरचा नंबर आणि किल्ली, दोन्ही आपल्याला माहीत नसतं. त्यातून जुनं सिम बंद केलेलं असेल तर कोड त्या नंबरवर जातो आणि दुसरी किल्लीही हरवते. दोन वर्षं कोणी न वापरलेलं खातं गुगल काढूनही टाकू शकतं.

लॉकरला आपण नॉमिनी लावतो, तसा इथंही लावता येतो. गुगल खात्याच्या सेटिंगमध्ये Inactive Account Manager अशी सोय आहे. तीन ते अठरा महिने, जी मुदत तुम्ही ठरवाल तेवढा काळ खातं बंद पडलेलं दिसलं, की तुम्ही नेमलेल्या माणसाला कळवलं जातं आणि तुम्ही परवानगी दिली असेल तेवढं त्याला उतरवून घेता येतं. दहा जणांपर्यंत नावं घालता येतात. मी माझ्या मुलीचं घातलंय. तिला आधी सांगितलं, मग घातलं.

पासवर्ड कुठे लिहायचा, असं दरवेळी कोणीतरी विचारतंच. घरातल्या वहीत लिहा, कपाटात ठेवा, त्यात काही चुकीचं नाही. फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी मात्र नको. आणि आलेला कोड फोनवर कोणालाही सांगायचा नाही, समोरचा स्वतःला बँकेचा मॅनेजर म्हणवत असला तरी.

आज घरी गेल्यावर एवढंच करा: फोटोजमधल्या त्या गोल चित्रावर बोट ठेवा आणि तिथं दिसणारा ईमेल पत्ता अक्षर न् अक्षर कागदावर उतरवून घ्या. पुढच्या गुरुवारी येताना तो कागद, चष्मा आणि चार्जर, तिन्ही आणा.